स्टुटगार्टच्या ऑफिसात जाण्याआधी

अगं, बॅगेत काय भरायचं ते तुझी आई सांगेल, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे ते तुझ्या मैत्रिणी सांगतील. माझ्या वाट्याला ऑफिस येतं, कारण स्टुटगार्टच्या भागात नोकरीची बरीच वर्षं मी काढली आहेत. तिथे आलेल्या आपल्या मुलामुलींचं काय बिनसतं तेही मी जवळून पाहिलंय. काम येत नाही म्हणून फारसं कुणाचं बिनसत नाही. बिनसतं ते बोलण्यावरून.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत. आमच्या मुलुंडला हेक्स्ट ही जर्मन कंपनी होती, त्यामुळे लहानपणापासून जर्मन लोकांबद्दल काही ना काही कानावर पडायचं. बहुतेक वेळा ‘वेळेचे पक्के’ एवढंच. तेवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. तू तर अंधेरीला सीप्झमध्ये जर्मन क्लायंटबरोबर कॉलवर काम केलंयस, मॅक्स म्युलर भवनातून बी-वन पास झालीयस, म्हणून तुला वाटतंय की ही माणसं आपल्या ओळखीची आहेत. एक गोष्ट लक्षात घे. तुझ्या आणि त्या क्लायंटच्या मध्ये आजवर एक मॅनेजर बसलेला होता. तू ‘हो, होऊन जाईल’ म्हणालीस की त्याचा अंदाज घेऊन तो पलीकडे दोन दिवस जास्तीची तारीख द्यायचा. पलीकडून ‘हे चूक आहे’ असा मेल आला की तो तुझ्यापर्यंत ‘थोडे बदल सुचवलेत’ होऊन पोचायचा. दोन्ही बाजूंचं बोलणं तो सांभाळून घेत होता. आता तो मधला माणूस नाही, ते काम तुझं तुलाच करायचंय.

आधी ‘हो’चं सांगते. आपल्याकडे साहेबांनी काही विचारलं की तोंडातून पहिला हो निघतो. त्या होकारात मान राखणं असतं, ‘ऐकलं’ असं सांगणं असतं, काम अंगावर घ्यायची तयारी असते. ते नक्की किती वाजता होईल, हे त्यात नसतं आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो चेहऱ्यावरून, आवाजावरून, ‘बघते’ किती लांबवलंय त्यावरून बाकीचं ओळखतो. तिथे कुणी आवाजावरून ओळखत बसत नाही. तू जे शब्द उच्चारलेस तेच तुझं उत्तर. ‘हो’ म्हणजे झालं, ठरलं.

समज, बुधवारी सकाळी शेजारच्या टेबलवरचा सहकारी विचारतो, की या मॉड्यूलच्या टेस्टचा अहवाल शुक्रवारी मिळेल का? तुला माहीत आहे की टेस्ट बेंच दुसऱ्या टीमकडे आहे आणि तो गुरुवारी मोकळा होईल अशी नुसती आशा आहे. मुंबईची सवय सांगते, ‘हो, प्रयत्न करते.’ त्याच्या कानात फक्त ‘हो’ राहतं. तो सोमवारी सकाळी नऊला पुरवठादाराबरोबर मीटिंग लावतो, दुसऱ्या गावातल्या कारखान्यातल्या माणसाला बोलावतो, तो माणूस रेल्वेचं तिकीट काढतो. शुक्रवारी दुपारी चार वाजता तू सांगतेस, ‘थोडं राहिलंय, सोमवार सकाळपर्यंत देते.’ तुझ्या लेखी दोन सुट्टीचे दिवस मध्ये आहेत, म्हणजे उशीर असा झालाच नाही. त्याच्या लेखी तीन माणसांची सोमवारची सकाळ फुकट गेली आणि तीही जे तुला बुधवारीच ठाऊक होतं त्यामुळे. तो ओरडणार नाही. फक्त पुढच्या वेळेपासून तुझ्या तारखेवर विश्वास ठेवणार नाही.

त्याऐवजी बुधवारी असं सांगायचं: ‘गुरुवारी दुपारी बारापर्यंत बेंच मिळाला तर शुक्रवारी चार वाजता अहवाल देते. नाही मिळाला तर मंगळवारी दुपारी दोनला. बेंचचं काय झालं ते उद्या साडेबाराला कळवते.’ बघ, यात तीन गोष्टी आल्या. कधी, कशावर अवलंबून, आणि पुढची खबर केव्हा. गुरुवारी बेंच नाहीच मिळाला तर साडेबाराला दोन ओळींचा मेल टाकायचा: बेंच शुक्रवारपर्यंत अडकलाय, अहवाल मंगळवारी दोनला, अठरापैकी बारा टेस्ट झाल्यात, त्यांचे निकाल हवे असतील तर आत्ता पाठवते. माफी एकदाही मागायची नाही, कारण तुझ्याकडून काही चुकलेलंच नाही. तो पुरवठादाराची मीटिंग बुधवारवर नेईल आणि विषय संपेल. वाईट बातमी लवकर सांगणं हे तिथे चांगल्या कामातच मोडतं. हे तुला पहिल्या पहिल्यांदा फार जड जाईल, कारण आपल्याला वाटतं की अजून वेळ आहे, काहीतरी जमवून टाकू, मग कशाला आधीच अडचण सांगून नाव घालवायचं. जमवून टाकण्याचं कसब मुंबईने आपल्याला दिलंय आणि ते मोलाचं आहे. पण ते गुपचूप वापरायचं नाही. अडचण सांगून मग जमवायचं.

ऐकताना मान हलवायची सवयही सांभाळ. समोरचा बोलत असताना आपण ‘हं, हं’ करत मान डोलावतो ते फक्त ऐकतोय म्हणून. तिथे तो होकार धरला जातो. काही पटलं नसेल किंवा तपासायचं असेल तर तोंडाने म्हण, ‘समजलं, तपासून दुपारी सांगते.’ आणि दुपारी खरंच सांग, तपासून झालं नसलं तरी ‘अजून झालं नाही’ एवढं तरी सांग.

तुझं बोलणं बिनसतंय हे कळणार कसं? कुणी तोंडावर सांगेलच असं नाही, पण खुणा असतात. सहकारी तुला एकच तारीख दोनदा विचारू लागतो. तोंडी ठरलेलं पुन्हा मेलवर लिहून मागतो. मेलमध्ये साहेबांचं नाव कॉपीत येऊ लागतं. तुझ्या कामाबद्दल तुझ्याऐवजी तुझ्या शेजारच्याला विचारलं जातं. यातलं एखादं दिसलं तर मनात ठेवून झुरू नकोस. त्या माणसाकडे जा आणि सरळ विचार, ‘मागच्या वेळी तारखेचा घोळ झाला होता का? पुढच्या वेळी कसं कळवू?’ तो उत्तर देईल. असं विचारणं तिथे कमीपणाचं नाही.

मीटिंगचंही आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा निर्णय आधीच झालेला असतो. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि खरी हरकत नंतर, चहाच्या टपरीवर किंवा केबिनमध्ये एकट्याने जाऊन सांगितली जाते. साहेबांचा चारचौघांत मान राहावा म्हणून आपण हे करतो, त्यात भित्रेपणा नाही. पण तिथे हरकतीची जागा मीटिंग हीच आहे. विषयपत्रिका आधी येते, ती वाचून यायचं असतं. चर्चा होते, निर्णय होतो, कुणीतरी इतिवृत्त लिहितं. त्याला ते प्रोटोकोल म्हणतात. त्यात कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे नावानिशी येतं. एकदा ते सगळ्यांना गेलं की विषय बंद. दुसऱ्या दिवशी जाऊन ‘खरं तर मला ते पटलं नव्हतं’ म्हणालीस तर साहेबांना प्रामाणिकपणे प्रश्न पडेल, की मग काल का नाही बोललीस? गप्प बसणं म्हणजे एकतर संमती किंवा मत नसणं, असाच अर्थ लागतो.

म्हणून पहिल्या महिन्यापासून एक नेम ठेव. प्रत्येक मीटिंगमध्ये निदान एक वाक्य बोलायचं, आणि ते आधी कागदावर लिहून न्यायचं. विरोध करायचा असेल तर माणसाचं नाव घ्यायचं नाही, आकडा पुढे ठेवायचा: ‘मला हे वेगळं दिसतं, कारण मागच्या तीन मोजण्यांत तापमान मर्यादेबाहेर गेलं होतं.’ तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस तुझ्याशी त्यावर अर्धा तास भांडेल, आवाजही चढेल आणि बारा वाजता ‘चल जेवायला’ म्हणेल. त्याने ते मनाला लावून घेतलेलं नसतं. तूही घेऊ नकोस. इतिवृत्त आलं की त्याच दिवशी वाच, तुझ्या नावासमोर काही चुकीचं लिहिलं असेल तर लगेच कळव.

तारखांबद्दल एक बारीकशी गोष्ट, पण ती ठाऊक नसली तर माणूस गांगरतो. तिथे ‘सप्टेंबरचा दुसरा आठवडा’ असं फारसं म्हणत नाहीत, वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक सांगतात. मेलमध्ये KW 37 असं दिसेल. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात 4 जानेवारी येते तो पहिला. संगणकाच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी सुरू करून ठेव.

आता चुका दाखवण्याबद्दल. तुझ्या पहिल्या दस्तऐवजाचा रिव्ह्यू परत येईल तेव्हा त्यात तीस-चाळीस शेरे असतील. ‘चूक.’ ‘अस्पष्ट.’ ‘पुरावा?’ कुठे ‘छान प्रयत्न’ नाही, कुठे ‘कृपया’ नाही. अंधेरीत असा कागद आला असता तर वाटलं असतं की नोकरी धोक्यात आहे. तिथे याचा अर्थ एवढाच, की एका माणसाने तीन तास घालवून तुझं काम नीट वाचलंय. शेरे कामावर आहेत. एकेक घे, दुरुस्त कर, जिथे तुझंच बरोबर आहे तिथे कारण लिहून तसंच ठेव. सगळेच शेरे निमूटपणे मान्य केलेस तर उलट शंका येईल, की हिला विषय कळला नाही. आणि स्तुतीची वाट पाहू नकोस. स्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या त्या मुलखात, एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा, की बोलणी बसली नाहीत म्हणजे कौतुक झालंच. कुणी ‘वाईट नाही’ म्हणालं तर घरी फोन करून आईला सांग, कारण ती मोठी पावती आहे.

हे सगळीकडे असंच असतं असं मात्र समजू नकोस. तुझ्या कंपनीचं एखादं ऑफिस इंग्लंडमध्ये असलं आणि तिथला माणूस तुझ्या मसुद्याबद्दल म्हणाला की ‘एक-दोन बारीक मुद्दे आहेत’, तर ते मुद्दे बारीक नसतात, बसून नीट विचार. अमेरिकेतला साहेब आधी तीन गोष्टींचं कौतुक करील आणि चौथ्या वाक्यात खरी अडचण सांगेल. त्या चौथ्या वाक्याकडे लक्ष ठेव. अमेरिकन माणूस ‘कशी आहेस’ विचारतो ते नुसतं नमस्कारासारखं असतं, चालता चालता ‘मजेत, तू?’ म्हणून पुढे जायचं. जर्मन माणूस हा प्रश्न येता-जाता विचारत नाही. विचारला तर त्याला थोडंसं खरं उत्तर हवं असतं. ‘काल झोप झाली नाही, वरच्या मजल्यावर काम चालू आहे’ असं सांगितलंस तरी चालतं, आणि तिथूनच ओळख सुरू होते.

हाक मारण्याचं तुला सोपं जाईल असं वाटतं, कारण आपल्याकडेही तू आणि तुम्ही आहे, तसं त्यांच्याकडे डू आणि झी. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे ते एकतर्फी चालतं. साहेब तुला ‘तू’ म्हणतात, तू त्यांना ‘तुम्ही’ आणि ‘सर’ म्हणतेस, कुणालाच खटकत नाही. तिथे मोठ्या माणसांमध्ये दोन्हीकडून एकच असतं. विभागप्रमुखाला तू झी म्हणत असशील तर तोही तुला झी म्हणेल, आडनावाआधी ‘फ्राउ’ लावेल. डू वर यायचं आमंत्रण मोठ्याकडून किंवा वरिष्ठाकडून येतं. ते आलं की लाजून झी वर अडून बसू नकोस, ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. हल्ली बऱ्याच ऑफिसांत, विशेषतः सॉफ्टवेअरच्या टीममध्ये, पहिल्या दिवसापासूनच सगळे डू म्हणतात. तेव्हा सुरुवात झी ने कर, आणि समोरच्याने डू म्हटलं की तूही तेच. ‘सर’ आणि ‘मॅडम’ विमानातच सोडून दे. साहेबांना नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळेल, पण ‘सर’ ऐकून त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

गप्पांकडे येते, कारण तुझी खरी भीती तीच आहे हे मला माहितीये. जर्मन लोक गप्पा मारत नाहीत असं तुला कुणीतरी सांगितलंय. मारतात, पण त्यांच्या ठरलेल्या वेळा आणि जागा आहेत. कामाच्या मध्ये कुणाच्या टेबलाजवळ उभं राहून इकडचं तिकडचं काढलंस तर तो उत्तर देईल, पण त्याचं लक्ष पडद्यावर असेल. सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी, दुपारी कँटीनमध्ये, सोमवारी मीटिंग सुरू व्हायच्या आधीची तीन-चार मिनिटं, या त्या वेळा.

सगळ्यात आधी नुसती हाक-हाळी. सकाळी खोलीत शिरलीस की जे कोणी बसले असतील त्यांना ऐकू जाईल असं अभिवादन करायचं. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तरीही. क्लासमध्ये ‘गुटेन टाग’ शिकवलंय, पण तिकडे दक्षिणेत ‘ग्र्यूस गॉट’ जास्त ऐकू येईल, तेच परत म्हण. साडेअकरा ते एकच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये लोक एकमेकांना ‘माल्त्साइट’ म्हणतात, हातात ताट नसलं तरी. उत्तरही ‘माल्त्साइट’च. संध्याकाळी निघताना ‘श्योनेन फायरआबेंड’, शुक्रवारी ‘श्योनेस वोखेनएंडे’. गुपचूप येऊन बसणं आणि गुपचूप निघून जाणं हे आपल्याला नम्रपणाचं वाटतं. त्यांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय किंवा आपल्याशी पटत नाही. सहा महिने उत्तम काम करूनही एकटी पडलेली मुलगी मी पाहिलीय, ती फक्त ही चार अभिवादनं करत नव्हती म्हणून.

जेवणाचा तास जप. ते लवकर जेवतात, पावणेबारालाही निघतात. डबा नेशील तर ने, पुष्कळ जण नेतात. फक्त फोडणीची आमटी सगळ्यांच्या मायक्रोवेव्हमध्ये रोज उघडी गरम करू नकोस, झाकण ठेव. आणि तो डबा आपल्या चार भारतीय मुलांच्या टेबलावर रोज उघडू नकोस. परक्या गावात मराठी ऐकलं की जीव शांत होतो, मला कळतं ते. पण आठवड्यातले तीन दिवस तरी टीमबरोबर बस, आणि त्या टेबलावर असताना शेजारच्या आपल्या माणसाशीही मराठीत बोलू नकोस. पहिले काही महिने त्यांच्या स्वाबियन बोलीतलं निम्मं कळणार नाही. मॅक्स म्युलर भवनातलं जर्मन आणि हे वेगळं आहे, अगदी उत्तरेकडच्या जर्मन माणसालाही ते अडतं. ‘पुन्हा एकदा, सावकाश सांगाल?’ हे विचारायला कचरू नकोस. हळूहळू कान सरावतो.

बोलायचं काय? आपण पहिल्याच भेटीत आडनाव, मूळ गाव, घरी कोण कोण, लग्न झालंय का, इथपर्यंत पोचतो. बोरिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसलेली बाई अर्ध्या तासात तुझी कुंडली काढते आणि त्यात माया असते. तिथे लग्न, मूल, पगार, वय, वजन, धर्म, आजार हे विषय समोरच्याने काढल्याशिवाय काढायचे नाहीत. त्याऐवजी शनिवार-रविवारी काय केलं, सुट्टीत कुठे जाणार, हवा, जवळपास चालायला चांगली वाट कुठली, कुठल्या बेकरीचा पाव चांगला, हे विचारायचं. सुट्टीवर तर तासभर बोलतील, कारण वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात. तुझ्याकडे एक हुकमाचा विषय आहे तो म्हणजे रेल्वे. स्टुटगार्टचं नवं भुयारी स्थानक बांधायला 2010 साली घेतलं आणि त्याच्या उद्घाटनाच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आहेत. एस-बानच्या उशिरावर तिथला प्रत्येक माणूस भरभरून बोलतो. तू त्यांना विरारची गर्दी आणि डबल फास्टचं गणित सांग, ते खुर्ची पुढे ओढून ऐकतील. फुटबॉल आवडत नसला तरी शनिवारी व्हीएफबी जिंकली की हरली एवढं सोमवारी माहीत असू दे.

आणि विचारून झालं की ऐक. ‘शनिवार-रविवार कसा गेला’ असं विचारून उत्तराआधी पुढे निघून जाणं त्यांना फार लागतं. मागच्या सोमवारी त्याने सांगितलं असेल की मुलाची पोहण्याची स्पर्धा आहे, तर या सोमवारी ‘कशी झाली स्पर्धा?’ विचार. मैत्री तिथे हळू होते. वर्षभराने कुणी घरी बोलावलं तर ते मनापासूनचं असतं, आणि दिलेल्या वेळेला पोचायचं असतं. आपल्यासारखं ‘या कधीतरी घरी’ ते उगाच म्हणत नाहीत, आणि तूही म्हणू नकोस, कारण समोरचा डायरी काढून तारीख विचारेल.

वाढदिवसाचं उलटं आहे. आपल्याकडे टीम वर्गणी काढून केक आणते. तिथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा मुळीच द्यायच्या नाहीत, ते अपशकुनी मानतात. रविवारी वाढदिवस असेल तर सोमवारी शुभेच्छा द्यायच्या, शुक्रवारी नाही.

नव्या माणसाने टीमला काहीतरी खाऊ घालायचं अशीही रीत आहे, तिला आइनश्टांट म्हणतात. काही ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात, काही ठिकाणी नंतर, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याला विचारून वेळ ठरव. त्या मुलखात सगळ्यांत सोपं म्हणजे लोणी लावलेले ब्रेत्सेल. आदल्या दिवशी बेकरीत सांगून ठेवायचे, माणशी एक आणि वर चार-पाच जास्त. आपल्या घरात चालणार नाही अशी एक गोष्ट विचारून घे: काही बेकऱ्या जुन्या पद्धतीने त्या पिठात डुकराची चरबी घालतात. सकाळी साडेनऊचं कॅलेंडर-आमंत्रण पाठव, पंधरा मिनिटांचं. बरोबर घरच्या चकल्या किंवा बाकरवडी ठेवलीस तर बोलायला विषय आपोआप मिळेल. तिखट कमी.

उशिरापर्यंत बसण्याबद्दल तुझ्या बाबांचं ऐकू नकोस. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही ही त्यांच्या पिढीची शिस्त होती. तिथे कायद्यानेच दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तास विश्रांती लागते. रोज साडेआठपर्यंत बसलेली दिसलीस तर साहेब कौतुक करणार नाहीत, विचारतील की काम जास्त आहे का, की जमत नाहीये. रात्री अकराला मेल पाठवू नकोस, लिहून ठेव आणि सकाळी आठला जाऊ दे.

आजारी पडलीस तर अंगात ताप घेऊन ऑफिसात जायचं नाही. काम सुरू व्हायच्या वेळेआधी साहेबांना कळवायचं की आज आजारी आहे आणि अंदाजे किती दिवस. काय झालंय ते सांगायचं बंधन नाही आणि कुणी विचारतही नाही. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र असायला हवं, त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात. काही कंपन्या पहिल्याच दिवशी मागतात, ते करारात लिहिलेलं असतं, वाचून घे. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2023 पासून ते प्रमाणपत्र डॉक्टर विमा कंपनीला परस्पर पाठवतात आणि तुझी कंपनी तिथून घेते. कागद नेऊन द्यायचा नसतो, कळवायचं मात्र तुलाच.

शेवटी परीक्षेचा काळ, प्रोबेत्साइट. तो बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोघांपैकी कुणीही कारण न देता दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवू शकतं. सहा महिन्यांनंतर नोकरीला कायद्याचं चांगलं संरक्षण मिळतं, म्हणून कंपनीला निर्णय त्याआधी घ्यायचा असतो. सहाव्या महिन्यापर्यंत अंदाज बांधत थांबू नकोस. दुसरा महिना संपला की साहेबांकडे अर्ध्या तासाची वेळ माग. दोनच प्रश्न विचार: काय तसंच चालू ठेवू, आणि काय बदलू? ते उत्तर स्पष्ट देतील, कदाचित तुला बोचेल इतकं स्पष्ट. वहीत लिहून घे, खुलासे देत बसू नकोस. संध्याकाळी त्यांना मेल टाक, की आपण या तीन गोष्टी बोललो, यातली पहिली मी KW अमुकपर्यंत करते. चौथ्या महिन्यात तोच मेल उघडून पुन्हा अर्धा तास माग, आणि त्या तीन गोष्टींचं काय झालं ते आधी तू सांग.